‘जो जो’ आणि माहेर : परदेशस्थ मातेसाठी रचलेल्या अंगाईचा विचार

‘पाळणा’ आणि ‘अंगाई’ या संज्ञा मराठीत पुष्कळदा एकमेकींऐवजी वापरल्या जातात. तथापि त्यांच्या प्रयोजनात भेद आहे. बारशाच्या दिवशी जमलेल्या स्त्रियांनी म्हणावयाचा पाळणा हे समूहगीत होय. त्यात देवाच्या वा वीरपुरुषाच्या जन्माची कथा येते, आणि ती ऐकणारा वर्ग मोठ्या माणसांचा असतो. अंगाई ही एका स्त्रीने एका मुलासाठी म्हटलेली असते. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे ‘जो जो’ हा पुनरावृत्त ध्वनी. त्याला कोशात स्वतंत्र अर्थ असलाच, तर तो झोपवण्याच्या क्रियेपुरता आहे. त्याचे खरे कार्य नादाचे आहे.

या नादाचे स्वरूप साधे आहे. ‘जो’मधील व्यंजन घोष असून महाप्राण नाही, त्यामागून येणारा ‘ओ’ दीर्घ असल्याने श्वास पुरेल तितका लांबवता येतो. छंदाच्या परिभाषेत ‘जो’ हे गुरू अक्षर, म्हणजे दोन मात्रांचे. ‘जो जो’ उच्चारले की चार मात्रा होतात आणि त्याची द्विरुक्ती केली की आठ. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त आठ मात्रांच्या आवर्तनाला ‘पद्मावर्तन’ ही संज्ञा योजली आहे. ‘जो जो’चे ध्रुपद या आवर्तनात विनासायास बसते.

या आवर्तनाचा पाळण्याच्या झोक्याशी संबंध आहे. तुळईला टांगलेल्या पाळण्याची लांबी दोन मीटरच्या आसपास असेल, तर एका पूर्ण झोक्याला पावणेतीन ते तीन सेकंद लागतात. मूल जड झाले तरी त्यात लक्षणीय फरक पडत नाही. एवढ्या अवधीत आठ मात्रा संथपणे म्हणता येतात. परदेशातील सदनिकेत मात्र तुळई नसते, कडी नसते, पाळण्याची दोरीही नसते. आई बाळाला खांद्यावर किंवा मांडीवर घेऊन थोपटते, आणि थोपटण्याची लय झोक्याहून द्रुत असते. म्हणून अशा आईसाठी रचलेल्या गीतात दर चार मात्रांनंतर शब्द संपणे इष्ट ठरते. चार मात्रांना एक थाप, आठ मात्रांना एक झोका. असे झाले म्हणजे तेच गीत मांडीवरही चालते आणि पुढे माहेरी आल्यावर पाळण्याशीही जुळते.

दुसरा प्रश्न अर्थाचा आहे. नवजात अर्भकाला शब्दार्थ कळत नाही, आवाज मात्र ओळखता येतो. अवघ्या काही दिवसांची अर्भके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतात, असे डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दाखवले. याचा अर्थ असा की, अंगाईतील नाद बाळाकडे जातो आणि आशय गाणारीकडेच परत येतो. सासुरवाशिणीच्या ओव्यांत माहेरची ओढ ज्या रीतीने व्यक्त होते, तिचे हे जवळचे नाते आहे. फरक एवढाच की, पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीमुळे मुलगी पहिली अंगाई आपल्या आईच्या तोंडून ऐके, आणि ऐकता ऐकता शिके. परदेशी बाळंत होणाऱ्या मुलीच्या बाबतीत ही परंपरा खंडित होऊ शकते. तेव्हा गीत रचणाऱ्यापुढील काम दुहेरी असते : बोल आईच्या तोंडी द्यावयाचे, आणि त्यात आजीची उपस्थिती ठेवावयाची.

कोल्हापुरातील आजी व परदेशातील लेक कल्पून, विवेचनापुरते पुढील कडवे रचले आहे :

नदीस आले नवीन पाणी,
आजी म्हणते तुझीच गाणी;
जो जो जो जो, नीज ग सोने.

प्रत्येक चरण सोळा मात्रांचा असून ‘नदीस / आले / नवीन / पाणी’ असा चार-चार मात्रांवर शब्द तुटतो. नदीचे नाव घेतलेले नाही. कोल्हापूरच्या मुलीला नव्या पाण्याने भरलेली पंचगंगा आणि बुडालेला घाट आपोआप आठवतो. ‘आठवण येते’ असे कोठेही म्हटलेले नाही, हेही महत्त्वाचे. आजीचा उल्लेख तृतीयपुरुषी आहे. त्यामुळे आई बाळाशी बोलते आणि त्याच वेळी स्वतःच्या आईची बातमी स्वतःलाच सांगते.

दुसऱ्या कडव्याचा पहिला खर्डा असा करता येईल :

माळ्याखाली पाळणा रिता,
आजी हलवी येता जाता;
जो जो जो जो, नीज ग सोने.

वरवर पाहता ही प्रतिमा हृदयस्पर्शी आहे, परंतु तीत दोन दोष आहेत. पहिला लयीचा. ‘पाळणा रिता’ यात पाच आणि तीन मात्रा असा तोल पडतो. हाताची थाप ‘पाळ’वर संपते आणि ‘णा’ अधांतरी राहतो. गीत मनात वाचताना हा दोष जाणवत नाही, बाळाला थोपटत म्हणताच तो कळतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. रिकामा पाळणा हलवू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. ज्या घरात बाळंतिणीला तीट, धुरी आणि दृष्ट यांची काळजी घेऊन जपले जाते, त्या घरातील आजी ही कृती करणार नाही; आणि परदेशातील लेक त्या ओळीपाशी अडखळेल. विरह दाखवण्याच्या भरात रचनाकाराने अमंगळ शब्द अंगाईत आणला आहे. हे कडवे पुढीलप्रमाणे सुधारता येते :

जुनेर आजी हाती घेते,
दुपटे त्याचे शिवून देते;
जो जो जो जो, नीज ग सोने.

येथे लय सावरली आहेच, शिवाय विरहाची जागा कृतीने घेतली आहे. जुनेराचे दुपटे बाळाच्या अंगाला मऊ लागते. ते टपालाने पाठवता येते, आणि त्याला आजीच्या वापरातल्या लुगड्याचा स्पर्श असतो. अंतर आहे, पण ते ओलांडणारी वस्तूही आहे.

अशा रचनांत आणखी एक चूक वारंवार संभवते. ‘तोच चांदोबा आजी तिकडे पाहते’ अशा धर्तीची कल्पना सहज सुचते. परंतु अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा कोल्हापुरात ऋतूनुसार दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. त्या क्षणी आजी सडा घालीत असते. रोज याच वेळी आईशी फोनवर बोलणाऱ्या मुलीला चांदोबाची ओळ खोटी वाटते, सड्याची ओळ मात्र तिच्या कानावर पडणाऱ्या बादलीच्या आवाजाशी जुळते.

यावरून प्रमाणाचा एक नियम हाती येतो. तीन चरणांच्या कडव्यात अर्थाचे दोन आणि नादाचा एक, असे प्रमाण वर ठेवले आहे. माहेरच्या खुणा वाढवीत नेल्या आणि ध्रुपद चार-पाच चरणांनंतर येऊ लागले, तर गीत विरहकाव्य होते. बाळ जागे राहते आणि आईचा आवाज भरून येतो. उलट केवळ ‘जो जो’च राहिले, तर बाळ झोपते, पण गाणारीला त्यात स्वतःचे काही सापडत नाही. दोन चरणांत साठलेले माहेर तिसऱ्या चरणातील नादात विरते, तेव्हा आईला पुढचे कडवे म्हणण्यापुरता श्वास मिळतो. परदेशस्थ मातेच्या अंगाईत ध्रुपदाचे स्थान ठरते ते या श्वासावरून.