निद्रेसाठी अनेक वनौषधी एकत्र का घेऊ नयेत : औषधविक्रेत्याची ग्राहकास चिठ्ठी

काल आपण झोपेसाठी सर्पगंधेच्या गोळ्या, तगराचे चूर्ण आणि एक मिश्र कॅप्सूल अशी तीन औषधे मागितलीत. ती मी दिली नाहीत, त्याचे कारण कळवीत आहे.

मिश्र कॅप्सूलच्या वेष्टनावरील घटकद्रव्ये वाचली असता त्यातही तगर व सर्पगंधा आढळतात. म्हणजे दोन्ही वनस्पतींची मात्रा नकळत वाढते. ठळक नावापेक्षा बारीक अक्षरांतील ही यादी अधिक खरे सांगते.

मला विशेष चिंता सर्पगंधेची वाटते. तिच्या मुळातील रेसरपिन हे द्रव्य रक्तदाब उतरवते, आणि आपण रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेतच आहात. दोहोंचा परिणाम एकत्र झाला, की रात्री लघवीसाठी उठताना भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो; तगराची गुंगी त्यात भर घालते. शिवाय रेसरपिनचा परिणाम सावकाश चढतो आणि औषध थांबवल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे टिकतो. म्हणून काल गुण आला नाही, तर आज मात्रा वाढवणे घातक ठरते. नाक चोंदणे, नाडी मंदावणे, मन खिन्न राहणे ही मात्रा बाधल्याची लक्षणे होत.

अ‍ॅम्लोडिपिन मात्र स्वतःहून बंद करू नये. घरातील सर्व औषधांची वेष्टने घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि रक्तदाब बसून व उभे राहून, असा दोनदा मोजून घ्यावा. अशी औषधे घेतलेली व्यक्ती हलवूनही जागी होत नसेल किंवा तिचा श्वास मंदावला असेल, तर त्वरित 108 क्रमांकावर कळवावे.