कारणे दाखवा नोटीस आली, तर उत्तर कसं लिहायचं?

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या कितीतरी जणी अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा म्हणून काम करतात. कधी हातात कारणे दाखवा नोटीस पडते आणि पायाखालची जमीनच सरकते. पण नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. कारवाईआधी तुमचं म्हणणं विचारलेलं असतं. मात्र उत्तर दिलं नाही, तर काही म्हणणं नाही असं धरून एकतर्फी निर्णय होऊ शकतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पोहरादेवीच्या सेविकाताईला मानोऱ्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांची 8 जुलैची नोटीस 11 जुलैला मिळाली. मिळाल्यापासून 7 दिवसांत खुलासा मागितला आहे. आरोप दोन: 3 जुलैला सकाळी 11 वाजता अंगणवाडी बंद होती आणि साठा नोंदवही अपूर्ण होती.

ताईने आधी नोटिशीवरच मिळाल्याची तारीख लिहावी, म्हणजे मुदत 18 जुलैपर्यंत हे पक्कं होतं. कागद जमवायला वेळ लागणार असेल, तर मुदत संपण्याआधीच वाढीव मुदतीचा लेखी अर्ज द्यावा.

उत्तरात वर नोटिशीचा जावक क्रमांक व दिनांक येतो. मग ज्या क्रमाने आरोप, त्याच क्रमाने उत्तर:

"महोदया, मुद्दा 1: दि. 3 जुलै रोजी सकाळी 10.30 ते 12.30 या वेळेत मी लसीकरण सत्रासाठी लाभार्थ्यांसह उपकेंद्रात होते. मदतनीस रजेवर होती. सत्राच्या नोंदीची प्रत व मदतनीसचा 2 जुलैचा रजा अर्ज जोडला आहे. मुद्दा 2: दि. 1 व 2 जुलैच्या नोंदी राहिल्या होत्या, हे खरे आहे. त्या 4 जुलैला, तीच तारीख टाकून पूर्ण केल्या. तरी माझा खुलासा मान्य करावा, ही विनंती."

बघा, यात कुणावर राग नाही, रडगाणं नाही. जे खरं, ते मान्य केलंय. "मी दहा वर्षं इमानदारीनं काम करते" हे वाक्य खरं असलं, तरी 3 जुलैला कुलूप का होतं हे त्यातून कळत नाही. ते सत्राच्या नोंदीतूनच कळतं.

एक मोठी चूक टाळा. राहिलेली नोंद मागची तारीख टाकून भरू नका. शाई, क्रम किंवा मोबाइलवरची नोंद जुळली नाही, की साधी दिरंगाई खोटेपणा ठरते आणि खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

उत्तराच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील, तर मुदतीतच स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मूळ कागद मात्र कधीही देऊ नका, प्रतीच जोडा.