ब्रेकरचं भाडं आणि सोसायटीचं वेळापत्रक

मशीन भाड्याने आणताना आपण पैसे मोजतो ते मशीन चाललेल्या तासांचे नव्हे, ते आपल्या घरात पडून राहिलेल्या दिवसांचे. पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम फोडायला काढलं, तेव्हा हा फरक पावतीवरच दिसला.

गवंडी म्हणाला, "साहेब, ब्रेकर आणून दिलात तर दोन दिवसांत मोकळं करतो. हातोडा-छिन्नीने आठवडा जाईल." भाडं दिवसाला ७०० रुपये, डिपॉझिट ५,०००. विकत घ्यायचा तर फारसं नाव नसलेला ८,५०० ला आणि नामांकित कंपनीचा २४,००० ला सांगितला. दोन दिवसांचे १,४०० कुठे आणि हे आकडे कुठे! विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

शनिवारी वेळेवर सुरुवात व्हावी म्हणून मशीन शुक्रवारी संध्याकाळी आणलं. दुकानात हिशेब तारखेवर चालतो, त्यामुळे शुक्रवार धरला गेला. सोसायटीत ठोकाठोकीला १० ते १ आणि ४ ते ६ एवढीच परवानगी. तेवढ्यात भिंतीच्या टाइल्स निघाल्या. रविवारी काम बंद, भाडं चालू. सोमवारी खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा निघाला. मंगळवारी प्लंबर आला आणि नहाणी ट्रॅप वीतभर सरकवायला हवा म्हणाला, म्हणजे पुन्हा फोडणं आलं. पाच तारखांचे ३,५००. पेटी जड, दुचाकीवर नेणं धोक्याचं, म्हणून जाता-येता रिक्षाचे ३००. छिन्नीचं टोक तुटलं म्हणून डिपॉझिटमधून ४०० कापले. एकूण ४,२००.

आता विकत घेतलं असतं तर? स्वस्तातलं ८,५०० चं, जादा छिन्नी ५०० ची, आणि काम संपल्यावर विकून फार तर ३,५०० आले असते. म्हणजे ५,५०० गेले असते. एवढा घोळ होऊनही भाड्याचं स्वस्त पडलं, पण फरक अवघ्या १,३०० चा उरला. प्लंबरला आधीच बोलावून कुठे काय फोडायचं ते खडूने आखून घेतलं असतं आणि मशीन सोमवारी सकाळी आणलं असतं, तर हेच काम रिक्षा आणि छिन्नी धरून २,१०० मध्ये झालं असतं.

नामांकित मशीनचा हिशेब वेगळा लागतो. २४,००० घालून १४,००० ला विकलं, तर पदरचे १०,००० जातात, म्हणजे साधारण चौदा दिवसांचं भाडं. दोन बाथरूम, स्वयंपाकाचा ओटा, सगळ्या खोल्यांची फरशी असं काम असेल तर ब्रेकर तीन आठवडे सहज घरात राहतो. तिथे विकत घेणं परवडतं. मात्र ते १४,००० खरंच विकलं तरच परत येतात. बहुतेकांचं मशीन माळ्यावर जातं, आणि मग खर्च २४,००० च.

एक खर्च दोन्हीकडे लिहायचा राहून जातो, तो मजुरीचा. गवंडी आणि बिगारी मिळून आमच्याकडे दिवसाला १,८०० घेत होते. मशीन अर्धा दिवस बंद पडलं तर ९०० बसून खातात, म्हणजे एका दिवसाच्या भाड्याहून जास्त. म्हणून दिवसाला शंभर रुपये कमी सांगणाऱ्या दुकानातलं झिजलेलं मशीन घेऊ नये.

दुकानात मशीन नुसतं हवेत चालवून दाखवतात, त्यावरून काही कळत नाही. ब्रेकर दाबल्याशिवाय ठोका मारत नाही, ती त्याची रचनाच आहे. छिन्नी दगडावर टेकवून दाबा. मोटर फिरते पण ठोका बसत नाही किंवा लुळा बसतो, तर आतलं ग्रीस सुकलेलं असतं नाहीतर पिस्टनची रबरी रिंग गेलेली असते. मागच्या जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर काळजी नाही, पण लांब, पिवळट आणि सतत उडत असतील तर कार्बन ब्रश संपत आलेत. निघण्यापूर्वी छिन्नीच्या टोकाचा फोटो काढून ठेवावा.

घरी आणल्यावर जपायचं ते वायरीला. १,५०० वॅटचं मशीन साडेसहा अँपिअर ओढतं, त्यामुळे ६ अँपिअरच्या पॉइंटवर लावू नये. गीझरचा १६ अँपिअरचा पॉइंट बरा. बारीक तारेच्या लांबलचक एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडतं, मोटर तापते, आणि आर्मेचर जळालं तर दुरुस्ती भाडेकऱ्याच्या माथी येते. घेताना ही अट पावतीवर कुठे आणि कशी लिहिली आहे ते वाचून घ्या.

ड्रिल मशीनला मात्र हे गणित उलटं लागू पडतं. २,६०० चं मशीन, भाडं २००. पण पडद्याचा रॉड, देवघराची फळी, आरसा ही कामं एकदम येत नाहीत. दर वेळी दहा मिनिटांच्या कामासाठी २०० आणि जाण्यायेण्याचे शंभर मोजावे लागतात. नवव्या खेपेला मशीनची किंमत भाड्यातच जाते, आणि नवं घर लावताना एवढ्या खेपा दोनेक वर्षांत होतात.