नवे टोनर बसवताना

ग्रामपंचायतीच्या कचेरीत दाखले छापणारा लेसर प्रिंटर आपण पाहतो. त्यात पातळ शाई नसते, बारीक काळी पूड असते. तिला टोनर म्हणतात. पूड संपली की नवे कार्ट्रिज घालायचे.

कार्ट्रिजच्या पोटाशी एक गुळगुळीत रूळ असतो, बहुधा हिरवा नाहीतर निळा. हा ड्रम. यंत्र उजेडाच्या किरणानेच त्यावर अक्षरे रेखते. म्हणून बाहेरचा उजेड त्याला सोसत नाही. छापताना पट्टे उमटतात. थोडाच उजेड लागला असेल, तर काही तास अंधारात ठेवल्यावर पुष्कळदा सुधारतो. उन्हात राहिलेल्याची आशा कमीच. तेव्हा पिशवी आयत्या वेळीच फोडावी, तीही खिडकीपासून दूर. ड्रमला बोट लावू नये.

कार्ट्रिज आडवे धरून पाच-सहा वेळा हलकेच हलवावे. मग कडेची पट्टी सरळ ओढावी. तिरकी ओढली की तुटते. चांगली हातभर निघते! शेवटी ड्रमवरचे झाकण काढून कार्ट्रिज लगेच आत सारावे.

एका कचेरीत आम्ही पाहिले, नवे कार्ट्रिज घालूनही जन्माचा दाखला कोराच निघाला. दाखल्यासाठी आलेली बाई परत निघाली होती. कारकुनाने कार्ट्रिज बाहेर काढले, तर पट्टी तशीच! ती ओढली, अन् दाखला काळाभोर उमटला.