ऑक्सिजन किती आणि किती वेळ?

२०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर सिलिंडर, लिटर, सॅच्युरेशन हे शब्द वस्तीतल्या घराघरात पोहोचले. त्याबरोबर दोन समजही पक्के झाले. पहिला असा की ऑक्सिजन जितका जास्त तितका पेशंट लवकर बरा होतो. दुसरा असा की एकदा ऑक्सिजन लावला की फुप्फुस निकामी होते, म्हणून तो लावूच देऊ नये. हे दोन्ही समज जिवावर बेतू शकतात. ऑक्सिजन हे औषध आहे आणि इतर औषधांसारखाच त्यालाही डोस असतो. कमी पडला तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. गरजेपेक्षा जास्त प्रमाणात फार वेळ दिला, तर तो फुप्फुसालाच इजा करतो.

आपण श्वासात घेतो त्या हवेच्या १०० भागांत ऑक्सिजन फक्त २१ भाग असतो. आपले फुप्फुस याच प्रमाणाला सरावलेले आहे. मात्र न्युमोनिया झाला की फुप्फुसाचा काही भाग काम करेनासा होतो. मग उरलेल्या भागातून पुरेसा ऑक्सिजन रक्तात जावा म्हणून श्वासातले प्रमाण वाढवावे लागते.

अस्तराला इजा कशी होते?

फुप्फुसात हवेचे कोट्यवधी बारीक फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. प्रत्येक वायुकोशाच्या आतून पेशींचे अतिशय पातळ अस्तर असते. त्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त असते. ऑक्सिजन हे अस्तर ओलांडूनच रक्तात जातो. या अस्तरातल्या काही पेशी साबणाच्या फेसासारखे काम करणारा एक द्रव तयार करतात. श्वास सोडल्यावर वायुकोश चिकटून मिटू नयेत, हे त्या द्रवाचे काम.

पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा त्यातल्या थोड्या भागापासून उपद्रवी रेणू तयार होतात. लोखंड गंजते तसे हे रेणू पेशींच्या भिंती खराब करतात. साध्या हवेत ते थोडे असतात आणि शरीर त्यांचा लगेच बंदोबस्त करते. पण श्वासात ८०-९० टक्के ऑक्सिजन तासन्‌तास येत राहिला, तर ते इतके वाढतात की शरीराचे संरक्षण अपुरे पडते.

आधी श्वासनलिका चुरचुरते. शुद्ध ऑक्सिजन सतत घेतल्यास साधारण १२ ते २४ तासांत कोरडा खोकला सुरू होतो. छातीच्या मधल्या हाडामागे, विशेषतः खोल श्वास घेताना, दुखते. पुढे वायुकोशांचे अस्तर जखमी होते आणि रक्तातले पाणी व प्रथिने आत पाझरू लागतात. फेसासारखा द्रव कमी पडतो आणि वायुकोश मिटू लागतात. हे बरेच दिवस चालले तर जखमेच्या जागी व्रण धरतो आणि फुप्फुस ताठर होते.

यातला खरा फास असा आहे. वायुकोशात पाणी आले की ऑक्सिजन रक्तात कमी जातो आणि सॅच्युरेशन उतरते. ते उतरले की ऑक्सिजन आणखी वाढवावा लागतो, आणि त्याने इजाही वाढू शकते. एक्स-रेमध्ये हे न्युमोनियासारखेच दिसते. आजार वाढला की ऑक्सिजनने बाधा केली, हे वेगळे करून सांगणारी तपासणी नाही. इजा झाल्यावर तिच्यावर खास औषधही नाही. म्हणून वेळीच प्रमाण उतरवणे हाच उपाय आहे.

धोका कुठे आहे, कुठे नाही?

नाकातल्या नळीने दर मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन दिला, तर श्वासातले प्रमाण साधारण २८ टक्के होते. ५ लिटरला ते ४० टक्क्यांच्या आसपास जाते. घरच्या काँसंट्रेटरवर नळीने दिलेला ऑक्सिजन सहसा एवढाच असतो. त्याने अशी इजा होण्याची भीती फार कमी. काळजी करावी लागते ती ५०-६० टक्क्यांच्या वरचे प्रमाण एक दिवसाहून जास्त चालले तर. म्हणजे पिशवीचा मास्क, हाय-फ्लो मशीन किंवा व्हेंटिलेटर.

एक उदाहरण

समजा, पन्नाशीतला एक माणूस न्युमोनियाने दवाखान्यात आला. बोटावरचा ऑक्सिमीटर ८० दाखवतो. त्याला लगेच पिशवीचा मास्क लावून १५ लिटर ऑक्सिजन सुरू केला. हे अगदी बरोबर आहे. अशा वेळी ऑक्सिजनच्या बाधेचा विचार करत बसायचे नसते.

अर्ध्या तासात आकडा ९९ झाला आणि घरच्यांच्या जिवात जीव आला. पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑक्सिमीटरचा आकडा १०० च्या पुढे जात नाही. रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळतो आहे की गरजेच्या कितीतरी पट, हे ९९-१०० वर कळत नाही. त्यामुळे पेशंट स्थिर झाल्यावर आकडा साधारण ९२ ते ९६ मध्ये राहील एवढाच ऑक्सिजन ठेवणे पुरेसे असते.

म्हणून डॉक्टर पायरी पायरीने खाली येतात. पिशवीच्या मास्कवरून साध्या मास्कवर ६-८ लिटर, मग नाकातल्या नळीने ४ लिटर, नंतर २ लिटर. प्रत्येक पायरीवर थोडा वेळ थांबून आकडा आणि श्वासाची गती पाहतात. आकडा टिकला तर पुढची पायरी, घसरला तर पुन्हा मागची. काही पेशंटना पालथे झोपवल्यावर कमी ऑक्सिजनमध्ये भागते. मात्र आजारच इतका मोठा असेल की ९० टक्के ऑक्सिजनशिवाय आकडा टिकत नाही, तर तो द्यावाच लागतो. तिथे इजेपेक्षा जीव मोठा.

घरच्यांनी काय करावे?

मास्क काढू नये आणि नॉब स्वतः फिरवू नये. पिशवीच्या मास्कचा प्रवाह १० लिटरच्या खाली आणला तर पिशवी चपटी होते आणि पेशंट आपलाच सोडलेला श्वास पुन्हा घेऊ लागतो. प्रमाण कमी करायचे तर मास्कच बदलावा लागतो, आणि ते काम डॉक्टर-सिस्टरचे आहे.

विचारण्याचा हक्क मात्र आपला आहे. आकडा बराच वेळ ९८-१०० वर असेल तर विचारावे, "सिस्टर, आकडा सकाळपासून ९९ आहे. ऑक्सिजन थोडा कमी करून बघता येईल का? यांचा आकडा किती ठेवायचाय?" कोरडा खोकला किंवा छातीच्या मध्ये दुखणे नव्याने सुरू झाले तर तेही लगेच सांगावे. छातीत दुखणे हृदयाचेही असू शकते.

वर्षानुवर्षे चुलीचा धूर किंवा विडी यामुळे ज्यांना जुनाट दमा जडला आहे, त्यांच्याबद्दल दाखल होतानाच सांगावे. अशा पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते, आणि हे काही तासांतही घडते. त्यांचा आकडा सहसा ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. शेजारच्या कॉटवर ९६ आणि आपल्या आईला ९० दिसले, तर डॉक्टरांना कारण विचारावे. आईसाठी तोच आकडा बरोबर असू शकतो.