वाईट गेलेल्या वर्षाचे स्वयंमूल्यमापन कसे लिहावे?



मार्च संपत आला की गोपनीय अहवालाची गडबड सुरू होते. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षातल्या आपल्या कामाबद्दल आपणच लिहायचा भाग म्हणजे स्वयंमूल्यमापन. त्यानंतर प्रतिवेदन अधिकारी आपलं मत लिहितात आणि पुनर्विलोकन अधिकारी त्यावर नजर टाकतात. वर्ष चांगलं गेलं असेल तर हा भाग अर्ध्या तासात लिहून होतो. पण वर्ष फसलं असेल तर? बरेच जण मागच्या वर्षीचा मजकूर थोडाफार बदलून उतरवतात. साहेबांनी मात्र वर्गभेटीत मुलांचं वाचन घेतलेलं असतं आणि शेरेबुकात नोंदही केलेली असते. अहवाल आणि शेरा जुळले नाहीत की आधी आपल्या शब्दावरचा विश्वास जातो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका गावात तिसरीचा वर्ग आहे, पट २६. जुलैत बाईंनी वाचनस्तर तपासला. गोष्ट वाचणारी ५, परिच्छेद वाचणारी ६, शब्दापर्यंत आलेली ७, अक्षरापर्यंत ६ आणि प्रारंभिक स्तरावर २ मुलं. म्हणजे परिच्छेद किंवा त्यापुढे ११ मुलं. मार्चपर्यंत हा आकडा २० करायचा, असं वार्षिक नियोजनात लिहिलं. मार्चमध्ये तो निघाला १३.

बाईंनी पहिल्यांदा लिहिलं ते असं: "विद्यार्थ्यांच्या स्थलांतरामुळे व अनियमित उपस्थितीमुळे अपेक्षित उद्दिष्ट साध्य होऊ शकले नाही. पुढील वर्षी विशेष लक्ष दिले जाईल."

आता हे वाक्य जरा बारकाईने बघा. "होऊ शकले नाही", "दिले जाईल". आपल्या मराठीत कर्त्याला गायब करण्याची ही फार सोयीची सोय आहे! काम कोणी केलं नाही, कोण करणार, काहीच कळत नाही. शिवाय या वाक्यात एकही आकडा नाही, त्यामुळे ते कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वर्षाला चालेल.

मग करायचं काय? आधी बाहेरचं कारण मोजून बघायचं. दिवाळीनंतर या वर्गातली ५ मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आणि मार्चअखेरपर्यंत परतली नाहीत. ही पाचही परिच्छेदाच्या खालच्या स्तरावरची होती, तीन शब्दस्तरावरची आणि दोन अक्षरस्तरावरची. समजा ती गावातच राहिली असती आणि सगळीच्या सगळी परिच्छेद वाचू लागली असती. तरी आकडा १३ अधिक ५, म्हणजे १८ झाला असता. २० नाहीच. म्हणजे कमी पडलेल्या सातांपैकी जास्तीत जास्त पाचांचा हिशोब स्थलांतर देतं, दोघांचा देत नाही. आणि "सगळीच शिकली असती" हे मानणंही जरा उदारपणाचंच आहे.

खरा प्रश्न गावात राहिलेल्या मुलांचा. परिच्छेदाच्या खालची १० मुलं वर्षभर वर्गात होती. जानेवारीत बाईंनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांपैकी एकही वरच्या पायरीवर गेलेलं नव्हतं. टाचण वही उघडून पाहिल्यावर कारण सापडलं. जुलै ते जानेवारी सगळ्या वर्गाचं पाठ्यपुस्तकाचं सामूहिक वाचन चाललं होतं. पुढची अकरा मोठ्याने वाचायची, मागची दहा सुरात सूर मिसळायची. ऐकताना वर्ग छान वाचतोय असं वाटायचं. मधल्या सहा महिन्यांत एकेका मुलाला जवळ बसवून वाचन घेतलंच नव्हतं. चूक आहे ती इथे, आणि ती पूर्णपणे बाईंच्या हातातली होती.

स्थलांतराचंही थोडं असंच. कुटुंबं जाणार हे थांबवणं शिक्षकाच्या हातात नाही. पण जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देणं हातात आहे, म्हणजे ती जिथे जातील तिथल्या शाळेत बसू शकतात. बाईंनी पाचपैकी दोघांनाच कार्ड दिलं होतं. बाकीचे तिघे कधी गेले ते नंतर कळलं. म्हणून "हातातलं" आणि "हाताबाहेरचं" हे दोन कप्पे करताना एकच कारण दोन्हीकडे थोडं थोडं टाकावं लागतं.

आता शिकलं काय? "यापुढे काळजी घेईन" हे शिकणं नव्हे, तो फक्त वायदा झाला. शिकल्याचा पुरावा हवा असेल तर बदल अहवालाचं वर्ष संपण्याआधीच सुरू झालेला दिसला पाहिजे. बाईंनी जानेवारीच्या तपासणीनंतर रोज अर्धा तास त्या दहा मुलांचे स्तरानुसार गट करून वाचन घेतलं. दहा आठवड्यांत दोन मुलं शब्दावरून परिच्छेदावर, तीन अक्षरावरून शब्दावर आणि एक प्रारंभिकवरून अक्षरावर आलं. दहापैकी सहा हलली, चार तिथेच राहिली. हे चारही लिहायचेच. सहांचं कौतुक करून चार झाकले तर पुन्हा पहिल्यासारखंच होईल.

दुसरा मसुदा असा झाला:

"तिसरीच्या २६ पैकी २० विद्यार्थी परिच्छेद वाचतील असे उद्दिष्ट मी ठेवले होते, मार्चअखेर १३ वाचतात. ५ विद्यार्थी ऊसतोडीसाठी स्थलांतरित झाले. त्यांपैकी दोघांनाच मी शिक्षण हमी कार्ड दिले. गावात असलेल्या १० मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांची जुलै ते जानेवारी मी वैयक्तिक वाचन तपासणी केली नाही व संपूर्ण वर्गाचे एकत्र वाचन घेतले, ही माझी चूक. जानेवारीपासून स्तरनिहाय गट केल्यावर १० पैकी ६ विद्यार्थी एक स्तर पुढे गेले. उरलेल्या ४ विद्यार्थ्यांसाठी जूनपासून पालकांसोबत बसून योजना करणार आहे. यापुढे दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाचे वाचन घेऊन नोंद ठेवीन, आणि ऑक्टोबरमध्येच स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करीन."

सातच वाक्यं आहेत. माफी नाही, "मी कमी पडले" असं रडगाणं नाही, मुख्याध्यापकांची किंवा सहकाऱ्यांची तक्रार नाही. "माझी चूक" हे शब्द एकदाच आले आहेत आणि कोणती चूक ते शेजारीच लिहिलंय. बाकीच्या रकान्यांत बाईंनी वर्षभरात केलेलं चांगलं काम यायलाच हवं. गणितात वर्ग पुढे गेला असेल तर तेही आकड्यांसह लिहावं. सगळा अहवाल चुकांनी भरणं हेही खोटंच चित्र आहे.

घरच्या अडचणींबद्दल नेहमी विचारलं जातं. आजारपण किंवा घरातलं दुःख यामुळे कामावर परिणाम झाला असेल तर किती दिवस रजा होती आणि त्या काळात वर्गाची काय व्यवस्था होती, एवढं लिहिलं की पुरे. आजाराचा तपशील या कागदावर नको.

खासगी नोकरीतल्या पालकांनाही असाच फॉर्म भरावा लागतो. तिथे वाचनस्तराच्या जागी विक्रीचा किंवा वेळेत न झालेल्या कामाचा आकडा येईल. हाताबाहेरच्या कारणाने किती फरक पडला हे मोजायची रीत मात्र हीच.

एक सावधगिरी. कारणे दाखवा नोटीस आली असेल किंवा विभागीय चौकशी चालू असेल, तर त्या विषयावर स्वयंमूल्यमापनात काही लिहिण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्या. हा सहीचा, दप्तरी राहणारा कागद आहे आणि त्यातलं वाक्य तिकडे वापरलं जाऊ शकतं. आणि शेरा कमी मिळाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सांगितलं आहे की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर म्हणणं मांडता येतं. ते मांडायची वेळ आली तर जुलै, जानेवारी आणि मार्चच्या वाचन तपासणीच्या याद्या हाताशी हव्यात. म्हणून अहवालाची एक प्रत आणि त्या याद्या एकाच फाईलला लावून ठेवा.