फोटोतला रंग आणि आपले केस

केस रंगवायला जाताना फोटो जरूर न्या. पण आधी फोटो नीट पाहा. तो उन्हात काढलाय की दिव्याखाली? उन्हात केस उजळ दिसतात. पिवळ्या दिव्याखाली तांबूस दिसतात.

आता आपले केस पाहा. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतात. म्हणजे हातभर लांब केसांच्या टोकाला तीन-चार वर्षांपूर्वीचा कलप असतो.

समजा, एका बाईने दोन वर्षे काळा कलप लावला. तिला फोटोतला फिकट तपकिरी रंग हवा. पण नव्या रंगाने जुना कलप उजळत नाही. मुळाशी आलेले नवे केस रंग घेतील, टोके काळीच राहतील.

म्हणून कलप, मेंदी केव्हा लावली ते रंगवणाऱ्याला आधी सांगा. एकच बट रंगवून घ्या. ती दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहा. मगच पुढचे ठरवा.